गुणांमागे धावणारा आकडा

मोबाइलवरच्या खेळात एकाच रंगाच्या गोळ्यांची रांग जुळून फुटली की वरच्या कोपऱ्यातला स्कोअर १,२०० वरून १,५०० वर एका झटक्यात जात नाही. मधले आकडे भरभर उलगडत जातात, शेवटाकडे वेग उतरतो आणि १,५०० वर आकडा अलगद थांबतो. सगळा प्रकार अर्ध्यापाऊण सेकंदात आटोपतो. खेळणाऱ्याची नजर तेव्हा पटावर असते, कोपऱ्यावर नसते. आकडा नुसता बदलला असता तर तो बदल त्याच्या लक्षातही आला नसता, पण हलणारी गोष्ट डोळ्याच्या कडेने टिपली जाते. शिवाय आकडा किती वेळ आणि किती जोरात पळाला, यावरून थोडे मिळाले की पुष्कळ, याचा अंदाजही वाचल्याशिवाय येतो.

एकदाच गुण मिळणार असतील तर असा काउंटर करणे सोपे आहे. अडचण येते ती गुण धडाधड पडू लागले की. पहिले ३०० अजून चढत असतानाच दुसरी रांग फुटते, तिच्यामागे तिसरी. अर्धवट चढलेल्या आकड्याने आता काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर नीट न शोधता लिहिलेला काउंटर एक तर थरथरतो, किंवा मागे पडतो, किंवा चुकीच्या आकड्यावर थांबतो.

हा प्रश्न संगणकाआधीचा आहे. पिनबॉलच्या जुन्या विद्युत-यांत्रिक यंत्रांवर १९५० च्या दशकापासून ० ते ९ अंक छापलेली चाके बसू लागली. विद्युतचुंबकाचा एक ठोका पडला की चाक एक घर पुढे सरके. ५० गुण द्यायचे तर दहाच्या चाकाला लागोपाठ पाच ठोके लागत आणि ते देण्याचे काम यंत्राच्या पोटातली एक मोटर करी. ही मोटर फिरत असताना चेंडू दुसऱ्या एखाद्या लक्ष्यावर आदळला तर ते गुण पुष्कळदा नोंदलेच जात नसत. खेळाडूने चेंडू बरोबर मारला होता आणि आवाजही झाला होता, तरी गुण मिळत नसत. यात यंत्राच्या कारागिरांचा आळस नव्हता. चाक जिथे उभे आहे तोच स्कोअर होता, तो दुसरीकडे कुठेही लिहिलेला नव्हता. चाकाला वेळ लागतो, म्हणून स्कोअरलाही वेळ लागे.

संगणकावरचा काउंटर या कैचीतून सुटू शकतो, कारण तिथे एका आकड्याचे दोन करता येतात. एक खरा आकडा. गुण मिळाले की तो त्याच क्षणी वाढतो, कशासाठीही थांबत नाही. दुसरा दाखवायचा आकडा, जो पडद्यावर असतो आणि खऱ्या आकड्याच्या मागे धावतो. खेळाचे सगळे निर्णय पहिल्यावर होतात, दुसरा केवळ डोळ्यांसाठी असतो. काउंटरमधले बहुतेक दोष या दोघांची सरमिसळ झाल्यामुळे निर्माण होतात. दोघांना वेगळे ठेवले की उरतो एकच प्रश्न: मागच्याने पुढच्याचा पाठलाग कसा करायचा?

सर्वांत साधी चाल म्हणजे सारख्या वेगाने चालणे. १,२०० वरून १,५०० वर ०.६ सेकंदात पोचायचे असेल, तर दर दशांश सेकंदाला ५० गुण चढवायचे: १,२५०, १,३००, १,३५०. हिशोब बिनचूक आहे, पण पाहायला निर्जीव वाटते. आकडा अचानक पळू लागतो आणि भिंतीवर आदळल्यासारखा अचानक थांबतो. खऱ्या जगातल्या वस्तू अशा थांबत नाहीत. डिस्ने स्टुडिओच्या चित्रकारांनी चलत्चित्रांची जी बारा तत्त्वे मांडली, त्यांतले एक नेमके हेच आहे: हालचालीची सुरुवात आणि शेवट संथ हवा. वेगाच्या या चढउताराला संगणकाच्या भाषेत ईझिंग म्हणतात. २००० नंतरच्या फ्लॅशच्या काळात रॉबर्ट पेनर यांनी ईझिंगची सूत्रे एका ठिकाणी मांडून खुली केली. आजच्या बहुतेक साधनांमध्ये तीच सूत्रे थोड्याफार फरकाने वापरात आहेत.

स्कोअरसाठी त्यांतला ईझ-आउट हा प्रकार चपखल बसतो: सुरुवातीला झपकन, शेवटी संथ. त्याच्या घनाच्या सूत्रात, ठरलेल्या वेळाचा जेवढा भाग उरला असेल त्याचा घन काढायचा. तेवढे अंतर कापायचे राहिलेले असते. ३०० गुण ०.६ सेकंदात चढवताना पहिल्या दशांश सेकंदात वेळाचे पाच षष्ठांश उरतात. त्याचा घन साधारण ०.५८, म्हणजे ०.४२ अंतर कापून झाले आणि पडद्यावर १,३२६ आले. पुढच्या दशांशाला १,४११, मग १,४६२, मग १,४८९, मग १,४९९ आणि शेवटी १,५००. पहिल्या तिसऱ्या हिश्श्याच्या वेळात सत्तर टक्के वाट संपते. उरलेला वेळ आकडा वाचायला मिळतो, आणि खेळाडूच्या दृष्टीने तेच मोलाचे असते. पेट्रोल पंपावर ५०० रुपयांचे पेट्रोल सांगितले की यंत्रावरचे आकडे आधी भरभर पळतात आणि ५०० जवळ आले की रेंगाळतात. तिथे नळीतला प्रवाहच खरोखर मंदावलेला असतो, पण पाहणाऱ्याला जाणवते ते तेच: मुक्काम आला.

आता गुणांचा मारा सुरू होतो. पडद्यावर १,४११ असताना, म्हणजे ०.२ सेकंदाला, आणखी ४५० गुण मिळाले. खरा आकडा त्याच क्षणी १,९५० झाला. दाखवायच्या आकड्याचे काय करायचे याची पहिली सुचणारी उत्तरे तीन आहेत, आणि तिन्ही फसतात.

पहिले उत्तर म्हणजे रांग. आधीची चढण पूर्ण होऊ द्यायची आणि मग पुढची सुरू करायची. दोन-तीन वाढींपर्यंत हे चालून जाते. दर दशांश सेकंदाला एक अशा वीस वाढी आल्या तर मारा दोन सेकंदांत संपतो, पण ०.६ सेकंदाच्या वीस चढणी पूर्ण व्हायला बारा सेकंद लागतात. फेरी संपून निकालाची पाटी आली तरी कोपऱ्यातला आकडा जुने गुण मोजत बसलेला असतो. पिनबॉलच्या मोटरमुळे गुण हरवत, इथे ते हरवत नाहीत, पण इतक्या उशिरा येतात की कोणत्या फटक्याचे कोणते हे खेळाडूला कळत नाही.

दुसरे उत्तर ठरवून कोणी देत नाही, ते आपोआप होऊन बसते. गुण मिळाले की चढण सुरू करायची एवढेच लिहिलेले असते आणि आधीची थांबवायची राहून जाते. मग दोन चढणी एकाच वेळी त्याच जागी आकडे लिहितात. एक म्हणते १,४६२, दुसरी म्हणते १,६३८. पडदा दर फ्रेमला यांपैकी जे शेवटी लिहिले गेले ते दाखवतो आणि आकडा थरथरतो. दोन्ही चढणींचा कालावधी वेगवेगळा असेल तर प्रकरण आणखी बिघडते: लांबलेली जुनी चढण शेवटी संपते, आपला १,५०० लिहून जाते आणि १,९५० चा स्कोअर पडद्यावर कायमचा १,५०० राहतो. खेळाडूला हे गुण चोरल्यासारखे वाटते, आणि त्याची तक्रार रास्त असते.

तिसऱ्या उत्तरात जुनी चढण रद्द होते, पण नवी १,५०० पासून सुरू केली जाते, कारण ‘आधीचा स्कोअर’ तोच होता. पडद्यावर मात्र १,४११ होते. एका फ्रेममध्ये ८९ गुणांची उडी पडते आणि मऊपणासाठी केलेला सगळा खटाटोप त्या एका धक्क्यात वाया जातो.

यातून पहिला पक्का नियम निघतो: नवी चढण नेहमी पडद्यावर या क्षणी जे दिसते आहे तिथूनच सुरू झाली पाहिजे. १,४११ वरून थेट १,९५० कडे. एवढे केले की थरथर जाते, उडी जाते आणि शेवटचा आकडा बरोबर येतो. कित्येक खेळांमध्ये एवढ्यावर काम भागते.

पण इथे ईझिंगची निवड अनपेक्षितपणे महत्त्वाची ठरते. पुष्कळ साधनांमध्ये ईझ-इन-आउट हा प्रकार लोकप्रिय आहे: सुरुवातही संथ, शेवटही संथ. एखादे चित्र पडद्याच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला न्यायचे असेल तर तो सुरेख दिसतो. सारख्या नव्याने सुरू होणाऱ्या काउंटरसाठी मात्र तो घातक आहे. ०.६ सेकंदाच्या चढणीत त्याच्या घनाच्या सूत्राने पहिल्या दशांश सेकंदात फक्त एक चोपन्नांश अंतर कापले जाते, दोन टक्क्यांहूनही कमी. त्याच क्षणी नवे गुण आले की चढण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणजे पुन्हा संथ. आकड्याला वेग घ्यायची संधीच मिळत नाही. दर दशांश सेकंदाला ५० गुण अशा वीस वाढी मोजून पाहाव्यात. विसावी वाढ होते तेव्हा खरे गुण १,००० झालेले असतात, पण ईझ-इन-आउटचा काउंटर १५८ च्या आसपास घुटमळत असतो. ईझ-आउटचा काउंटर त्याच क्षणी ८८१ वर असतो. वेळ तोच, गुण तेच, फरक फक्त वक्ररेषेच्या सुरुवातीचा. एक-एक बटण दाबून तपासणाऱ्याला हा दोष दिसतच नाही, कारण एकट्या वाढीवर दोन्ही काउंटर अगदी छान चालतात.

त्याहून स्वच्छ मार्ग म्हणजे ‘चढण’ ही कल्पनाच सोडून देणे. चढणीला सुरुवात असते, शेवट असतो, कालावधी असतो, आणि गुण मध्येच आले की हे तिन्ही पुन्हा ठरवावे लागतात. पाठलागाला यांतले काहीच लागत नाही. पाठलाग करणारा दर क्षणी एवढेच पाहतो की समोरचा किती पुढे आहे, आणि त्या अंतराचा ठरावीक हिस्सा कापतो. अंतर मोठे असेल तर पाऊल मोठे, लहान असेल तर लहान. मुक्काम जवळ आला की वेग आपोआप उतरतो, म्हणजे ईझ-आउट वेगळे सांगावे लागत नाही. नवे गुण आले तर समोरचा थोडा पुढे सरकला, एवढेच. रद्द करायला किंवा पुन्हा सुरू करायला काही नसतेच.

किती हिस्सा कापायचा, हे सांगण्याची सोपी रीत म्हणजे अंतर निम्मे व्हायला लागणारा काळ ठरवणे. तो ०.१ सेकंद धरला तर ३०० गुणांचे अंतर दशांश सेकंदात १५० उरते, मग ७५, मग साधारण ३८. अंतर अर्ध्या गुणाच्या आत यायला ०.९२ सेकंद लागतो. या पद्धतीत एक गुण आपसूक मिळतो. १० गुणांची वाढ ०.४३ सेकंदात पुरी होते आणि १,००,००० गुणांची १.७६ सेकंदात. म्हणजे मोठ्या बक्षिसाला जास्त वेळ मिळतो, पण कंटाळा येईल इतका नाही. ठरावीक वेगाचा काउंटर, समजा सेकंदाला ५०० गुणांचा, १० गुण डोळा लवायच्या आत संपवतो आणि लाखाला दोनशे सेकंद लावतो. वीस वाढींच्या मघाच्या कसोटीत हा पाठलाग करणारा काउंटर शेवटच्या वाढीच्या क्षणी १०० गुण मागे, म्हणजे ९०० वर असतो, आणि पाऊण सेकंदात १,००० गाठतो.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या खेळासाठी हे सगळे एवढ्याशा कोडमध्ये मावते:

```js
let target = 0, shown = 0, last = 0, running = false;

function addPoints(n) {
  target += n;
  if (!running) {
    running = true;
    last = performance.now();
    requestAnimationFrame(tick);
  }
}

function tick(now) {
  const dt = Math.max(0, now - last) / 1000;
  last = now;
  shown += (target - shown) * (1 - 2 ** (-dt / 0.1));
  if (Math.abs(target - shown) < 0.5) shown = target;
  label.textContent = Math.round(shown).toLocaleString('en-IN');
  running = shown !== target;
  if (running) requestAnimationFrame(tick);
}
```

यातला `target` हा खरा आकडा आणि `shown` हा दाखवायचा. गुण मिळाले की `addPoints` फक्त पहिल्याला हात लावते. पाठलाग आधीच चालू असेल तर ती आणखी काहीही करत नाही, म्हणूनच सेकंदाला दोन वाढी आल्या काय आणि दोनशे आल्या काय, पडद्यावरचे काम तेवढेच राहते. `tick` दर फ्रेमला एकदा चालते आणि आकडा मुक्कामाला पोचला की स्वतःहून थांबते. `label` म्हणजे पडद्यावरची ती जागा जिथे आकडा लिहिला जातो.

`dt` म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला काळ. तो मोजण्याचा त्रास कशासाठी, असे वाटू शकते. पुष्कळ ठिकाणी तो घेतलाच जात नाही. ‘दर फ्रेमला अंतराच्या एक दशांश पुढे जा’ एवढेच लिहिलेले असते. लिहिणाऱ्याचा पडदा सेकंदाला ६० फ्रेम दाखवत असतो आणि त्याच्याकडे सगळे ठीक दिसते. दशांश सेकंदात सहा फ्रेम होतात आणि ५३ टक्के अंतर उरते. १२० फ्रेमच्या नव्या फोनवर तेवढ्याच वेळात बारा पावले पडतात आणि २८ टक्केच अंतर उरते. जुन्या, ३० फ्रेमवर रखडणाऱ्या फोनवर ७३ टक्के उरते. एकच खेळ एका फोनवर चपळ आणि दुसऱ्यावर सुस्त वाटतो, आणि कोड वाचून कारण चटकन सापडत नाही. वरच्या कोडमधला घातांक हा फरक पुसून टाकतो. तिथे पावलाचे माप गेलेल्या वेळावरून ठरते, मग तो वेळ कितीही तुकड्यांत विभागलेला असो. त्याचा आणखी एक उपयोग आहे. खेळाडू दुसऱ्या टॅबवर गेला की ब्राउझर `requestAnimationFrame` थांबवतो. तो दोन मिनिटांनी परतला की `dt` १२० सेकंदांचा येतो, सूत्र जवळजवळ पूर्ण अंतर एका पावलात कापते आणि काउंटर थेट खऱ्या आकड्यावर उभा राहतो. फ्रेममागे ठरावीक हिस्सा कापणारा काउंटर अशा वेळी जिथे थांबला होता तिथून रेंगाळत निघतो.

शेवटचा टप्पा मात्र काळजीने हाताळावा लागतो, कारण निम्म्याचे निम्मे करत जाणारा कधीच पूर्ण पोचत नाही. अंतर ०.४ होते, ०.२ होते, ०.१ होते, शून्य होत नाही. आकडा दाखवताना अपूर्णांक नुसता छाटला तर १,४९९.९९ चे १,४९९ दिसतात आणि तसेच दिसत राहतात. म्हणून अंतर अर्ध्या गुणाच्या आत आले की `shown` ला थेट `target` वर बसवायचे आणि दाखवताना जवळच्या पूर्णांकाला न्यायचे.

याच दोषाचा एक जास्त फसवा अवतार आहे. दाखवायचा आकडाच पूर्णांक म्हणून साठवला आणि दर फ्रेमला अंतराचा एक दशांश, अपूर्णांक टाकून, मिळवत गेले, तर सुरुवातीला सगळे सुरळीत चालते: ३० गुण, २७ गुण, २४ गुण. अंतर दहावर आले की पाऊल एका गुणाचे होते. अंतर नऊ झाले की नवाचा दशांश ०.९, आणि छाटल्यावर शून्य. काउंटर १,४९१ वर कायमचा अडकतो. पडद्यावरचा स्कोअर खऱ्यापेक्षा नेहमी नेमका नऊने कमी दिसत असेल तर शोध इथूनच सुरू करावा. उपाय सोपा आहे: `shown` अपूर्णांकासह साठवायचा आणि पूर्णांक फक्त दाखवण्यापुरता करायचा.

ईझिंगच्या सूत्रांमध्ये स्प्रिंगसारखे प्रकारही असतात, जे मुक्काम ओलांडून थोडे पुढे जातात आणि मागे येतात. बटण किंवा चित्र असे उसळले तर गोड दिसते. आकड्याच्या बाबतीत ते करू नये. १,५१२ पर्यंत जाऊन १,५०० वर परतलेला स्कोअर बारा गुण देऊन काढून घेतल्यासारखा वाटतो. उसळी हवीच असेल तर ती अक्षरांच्या आकाराला द्यावी: गुण मिळताच आकडा क्षणभर मोठा व्हावा आणि मूळ मापावर यावा. किंमत मात्र एकाच दिशेने चढावी. वरच्या पाठलागात हे आपोआप पाळले जाते, कारण अंतराचा एकाहून कमी हिस्साच कापला जातो.

या पाठलागाला एक मर्यादा आहे. नवे गुण येताच आकड्याचा वेग एकदम वाढतो, हळूहळू वाढत नाही. नुसते अंक बदलत असतील तर डोळ्याला ते कळत नाही. पण काही काउंटर जुन्या चाकांची नक्कल करतात आणि प्रत्येक अंकाची पट्टी खरोखर वर सरकताना दाखवतात. तिथे वेगातला हिसका दिसून येतो. अशा वेळी दाखवायच्या आकड्याबरोबर त्याचा वेगही साठवतात आणि तोही हळूहळू बदलतात. युनिटी या खेळ बनवण्याच्या साधनात `Mathf.SmoothDamp` हे तयार सूत्र त्यासाठीच आहे. चाकांच्या नकलेत एककाची पट्टी सतत फिरते. दहाची पट्टी मात्र एककावर ९ जाऊन ० येत असतानाच सरकली पाहिजे, एरवी स्थिर राहिली पाहिजे. सगळ्या पट्ट्या आपापल्या प्रमाणात सतत सरकवल्या तर दहाचा अंक अर्धा वर, अर्धा खाली असा लटकलेला दिसतो आणि स्कोअर वाचताच येत नाही.

वेगवान आकड्यांची आणखी एक गंमत सारख्या वेगाच्या काउंटरमध्ये पाहायला मिळते. दर फ्रेमला नेमके ३० गुण वाढत असतील तर एककाचा अंक बदलतच नाही, तो गोठल्यासारखा दिसतो. २९ गुण वाढत असतील तर तोच अंक ९, ८, ७, ६ असा उलटा मोजताना दिसतो, जरी स्कोअर वाढत असला तरी. चित्रपटात पळत्या गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, त्यातलाच हा प्रकार. ईझिंगमध्ये वेग सारखा बदलत असल्यामुळे ही नक्षी टिकत नाही. ज्या खेळात गुण नेहमी दहाच्या पटीत मिळतात, तिथे दाखवतानाही दहाच्या पटीतच दाखवणे प्रामाणिकपणाचे आहे. १,४३७ हा त्या खेळात शक्यच नसलेला स्कोअर आहे, तो क्षणभरही दिसू नये. जुन्या पिनबॉल यंत्रांवर शेवटचे शून्य पुष्कळदा नुसते रंगवलेले असे, फिरत नसे.

आकडा पळत असताना त्याची रुंदीही बदलत राहते. कित्येक फाँटमध्ये 1 हा अंक 8 पेक्षा अरुंद असतो. त्यामुळे अंक बदलले की सगळा आकडा डावी-उजवीकडे हलतो, आणि शेजारी ‘गुण’ असा शब्द असेल तर तोही नाचतो. वेबपानावर `font-variant-numeric: tabular-nums` एवढे लिहिले की, फाँटमध्ये सोय असल्यास, सगळे अंक समान रुंदीचे होतात. आकडा उजव्या कडेला टेकवला तर नवा अंक वाढताना तो डावीकडे वाढतो आणि एककाची जागा हलत नाही. स्वल्पविरामांचेही असेच. वरच्या कोडमधल्या `en-IN` मुळे 12,34,567 असे आपल्या लाखांच्या पद्धतीचे गट पडतात. त्या जागी `mr-IN` लिहिले तर तोच आकडा देवनागरी अंकांत १२,३४,५६७ असा येतो.

खरा आणि दाखवलेला आकडा वेगळे ठेवल्यावर एक शिस्त मात्र कायम पाळावी लागते: खेळाच्या कुठल्याही निर्णयात `shown` वापरायचा नाही. फेरी संपली त्या क्षणी पडद्यावर ९०० आणि हिशोबात १,००० असतील, तर उच्चांक म्हणून १,००० च जतन झाले पाहिजेत. गुण खर्च करून वस्तू घ्यायच्या खेळात तर उलटा धोका आहे. खर्च झाल्यावर दाखवलेला आकडा हळूहळू उतरत असतो. ‘पुरेसे गुण आहेत का’ हे त्याच्यावरून तपासले तर खेळाडू त्या अर्ध्या सेकंदात तीच वस्तू दोनदा घेऊ शकतो. जतन झालेला स्कोअर खऱ्यापेक्षा कधी थोडा कमी, कधी बरोबर असा येत असेल, आणि झटपट खेळणाऱ्यांनाच ते जाणवत असेल, तर कुठेतरी दाखवायचा आकडा वाचला जातो आहे असे समजावे. निकालाची पाटी आली की पाठलाग थांबवून `shown` ला थेट `target` वर बसवणे उत्तम, म्हणजे दोन ठिकाणी दोन आकडे दिसत नाहीत.

काउंटर तयार झाल्यावर त्याची परीक्षा एका फटक्याने घेऊ नये. दोन सेकंदांत वीस वाढी देऊन पाहावे: आकडा कुठेही मागे गेला नाही ना, शेवटच्या वाढीनंतर सेकंदाभरात स्थिर झाला ना, आणि जिथे थांबला तो आकडा बेरजेशी तंतोतंत जुळतो ना. मग तीच परीक्षा जुन्या, रखडणाऱ्या फोनवर आणि नव्या, वेगवान फोनवर घ्यावी, आणि एकदा मध्येच टॅब बदलून परत यावे.

ज्यांना हलत्या पडद्याने गरगरते त्यांनी आपल्या फोनवर किंवा संगणकावर हालचाल कमी करण्याची निवड केलेली असते, आणि वेबपानाला ती `prefers-reduced-motion` मधून कळते. त्यांच्यासाठी पाठलाग वगळून थेट खरा आकडा दाखवावा. अंध खेळाडूंना पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनाला तर मधले आकडे मुळीच देऊ नयेत. १,३२६, १,४११, १,४६२ असे तुकडे ऐकण्यात काही अर्थ नसतो, आणि एक आकडा उच्चारून होईपर्यंत पुढचे दहा येऊन गेलेले असतात. त्यांच्यासाठी वेगळी, न दिसणारी जागा ठेवून, मारा थांबल्यावर तिथे एकदाच `target` लिहावा: १,९५० गुण.